व्हिडिओ क्लायंटच्या हाती सोपवताना: एक्सपोर्ट, सबटायटल, सोर्स आणि यादी

येवल्याच्या पैठणी विणकरांच्या एका संस्थेसाठी मी ३ मिनिटं ४० सेकंदांची एक फिल्म एडिट केली होती. रंग झाले, आवाज झाला, समितीतल्या सगळ्यांनी होकार दिला. मग संस्थेच्या सचिवांचा फोन आला, "फायनल पाठवून द्या." मी विचारलं, "कशासाठी हवीय?" ते म्हणाले, "कशासाठी म्हणजे? लावायला." आणखी दोन मिनिटं बोलल्यावर कळलं, की फिल्म तीन ठिकाणी लागणार आहे. यूट्यूबवर, इंस्टाग्रामवर, आणि प्रदर्शनाच्या हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर पेनड्राइव्हवरून. शिवाय पुढच्या वर्षी हिंदीत करायचा विचार होता.

म्हणजे 'फायनल' नावाची एक फाइल नव्हतीच. त्या कामात मी काय काय दिलं आणि कुठे फसलो, ते क्रमाने सांगतो. मी डाविंची रिझॉल्व्हवर काम करतो. तुम्ही प्रीमियर वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, काम तेच.

एक्सपोर्टच्या आधी: फाइल कुठे चालणार?

हा प्रश्न कोटेशन देतानाच विचारायचा. उत्तर 'सगळीकडे' असं आलं तर खोदून विचारा. टीव्ही कुठल्या आकाराचा, आवाज चालू असेल का, पेनड्राइव्ह कोण लावणार? प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आवाज बंद असणार हे मला उशिरा कळलं, आणि त्याने सबटायटलचं सगळं गणितच बदललं. ते पुढे येईल.

मास्टर आधी, बाकी सगळं मास्टरवरून

सर्वांत आधी एक मास्टर काढायची. ही फाइल कुठे अपलोड करायची नसते. पुढच्या सगळ्या फाइली हिच्यातून निघतात, आणि पाच वर्षांनी संस्थेला नवं काही करायचं झालं तर हीच उपयोगी पडते. मी प्रोरेस ४२२ एचक्यू, म्हणजे फारसं न दाबलेलं, मोठ्या फाइलीचं फॉरमॅट देतो. ज्यांच्या मशीनवर प्रोरेस निघत नाही त्यांनी डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स काढावी, चालते.

आकाराचा अंदाज आधीच बांधून ठेवा. १०८० आणि २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू सेकंदाला साधारण १८४ मेगाबिट घेते. आपली फिल्म २२० सेकंदांची. १८४ गुणिले २२०, भागिले ८, म्हणजे जवळपास ५ जीबी. हे कळलं की पुढचा अपघात टळतो: FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे असले तरी कॉपी होत नाही, आणि नवा माणूस ड्राइव्ह खराब आहे म्हणून दुकानात परत घेऊन जातो. मास्टरसाठी ड्राइव्ह exFAT करून घ्या, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचताही येतो, लिहिताही येतो.

मास्टरच्या दोन आवृत्त्या काढायच्या. एक सगळ्या नावांसकट, आणि दुसरी पडद्यावर एकही अक्षर नसलेली. विणकराचं नाव, गावाचं नाव, शेवटची आभाराची पाटी, सगळं बंद करून. तिच्यासोबत आवाज तीन वेगळ्या वेव्ह फाइलींत द्यायचा: बोलणं, संगीत, आणि मागाचा खडखडाट वगैरे आजूबाजूचा आवाज. तिन्ही ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि तिन्हींची लांबी फिल्मइतकीच, पहिल्या फ्रेमपासून. हिंदी करताना बोलण्याची फाइल काढून टाकली की काम अर्धं झालं. टाइमलाइन उघडीच असते तेव्हा याला वीस मिनिटं लागतात. वर्षभराने तेच करायचं तर जुना प्रोजेक्ट शोधण्यातच दिवस जातो.

आता ठिकाणानुसार

यूट्यूबसाठी एच.२६४, एमपी४, १०८०, २५ फ्रेम. यूट्यूबची स्वतःची शिफारस या आकाराला ८ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. मी १६ ठेवतो, कारण यूट्यूब अपलोड झाल्यावर फाइल पुन्हा दाबून लहान करतंच, आणि पैठणीच्या पदरावरची बारीक जरीची नक्षी आधीच दाबलेल्या फाइलमध्ये चिखल होते. १६ ला आपली फिल्म ४४० एमबीच्या आसपास भरते, म्हणजे अपलोडलाही जड नाही. फ्रेमचा वेग टाइमलाइनचा आहे तोच ठेवा. २५ ची फिल्म ३० मध्ये काढली की मागावरचा धोटा सरकतानाचा शॉट अडखळल्यासारखा दिसतो.

इंस्टाग्रामसाठी १०८० बाय १९२० ची उभी फाइल. इथे फक्त चौकट फिरवून भागत नाही, प्रत्येक शॉट पुन्हा मांडावा लागतो. शिवाय खालच्या पट्ट्यात ॲपची बटणं आणि मजकूर येतो, म्हणून सबटायटल तळापासून बरीच वर घ्या.

टीव्हीसाठी साध्यात साधी फाइल. एमपी४, एच.२६४, आवाज एएसी, १० एमबीपीएस. टीव्हीला प्रोरेस कळत नाही. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान ठेवा, कारण काही टीव्ही देवनागरी नावाच्या जागी चौकोन दाखवतात आणि हॉलमधल्या माणसाला कुठली फाइल लावायची ते कळत नाही. दिवसभर फिरवायची असेल तर शेवटचा काळा पडदा दोन सेकंदांवर आणा. आठ सेकंद काळं दिसलं तर लोकांना टीव्ही बंद पडला असं वाटतं.

आवाजाचं थोडक्यात: ऑनलाइनसाठी मी आवाजाची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या जवळ ठेवतो, कारण यूट्यूब त्याहून मोठा आवाज स्वतःच खाली आणतं. सर्वांत वरचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली.

सबटायटल: इथे मराठी माणसाला जास्त सावध राहावं लागतं

दोन प्रकार आहेत. एक वेगळी फाइल, जी पाहणारा चालू-बंद करू शकतो. दुसरा चित्रातच छापलेला. यूट्यूबला पहिला प्रकार द्यावा, कारण तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवता येतात. हॉलमधल्या टीव्हीला दुसरा. टीव्हीवर वेगळी एसआरटी फाइल चालवण्याचा प्रयत्न मी करून पाहिलाय. इंग्रजी दिसतं, देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. आणि आवाज बंद असताना सबटायटल हीच फिल्मची वाचा असते, तेव्हा जोखीम नको.

एसआरटी म्हणजे साधा मजकूर. क्रमांक, वेळ, ओळी, मग एक रिकामी ओळ.

```
1
00:00:04,200 --> 00:00:07,000
माग नुसता बसवायलाच
आठ दिवस लागतात.

2
00:00:07,400 --> 00:00:09,000
[धोट्याचा आवाज]
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही. टिंब घालणारी फाइल वेबव्हीटीटी, आणि तिच्या पहिल्या ओळीत `WEBVTT` लिहावं लागतं. एकीच्या नावाचं शेपूट बदलून दुसरी होत नाही. कंसातला धोट्याचा आवाज ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी आहे. हॉलमध्ये तर सगळेच प्रेक्षक तसे असतात.

पहिला घोळ लिपीचा. संस्थेने मुलाखतींचा मजकूर वर्ड फाइलमध्ये टाइप करून दिला होता, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. त्यांच्या कॉम्प्युटरवर सुरेख मराठी, माझ्या एसआरटीत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. अशा फॉन्टमध्ये मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात. एसआरटीत फॉन्ट नसतो, म्हणून सोंग उघडं पडतं. मजकूर युनिकोडमध्येच हवा. ओळखायची सोपी युक्ती: मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी राहिली तर युनिकोड. नाही तर कन्व्हर्टरमधून काढा, आणि काढल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासा, कारण तिथे हमखास चुका राहतात.

दुसरा घोळ सेव्ह करण्याचा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये `Save as` करताना खाली `Encoding` असतं, तिथे `UTF-8` निवडा. `ANSI` राहिलं तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते, आणि ती प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत. मूळ प्रत हातची गेली.

तिसरा, ओळींची लांबी. बरीच सॉफ्टवेअर एका ओळीत ४२ अक्षरांची मर्यादा सुचवतात. पण कॉम्प्युटर मराठी आपल्यासारखी मोजत नाही. 'प्रत्येक' आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, कॉम्प्युटर मात्र प, हलन्त, र, त, हलन्त, य, मात्रा, क असे आठ धरतो. त्यामुळे आटोपशीर ओळीवरही लाल इशारा येतो आणि नवखा माणूस घाबरून वाक्याचे तुकडे पाडतो. मी आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो. फोनवर लावा, मनातल्या मनात वाचा. ओळ संपायच्या आत सबटायटल गेलं तर शब्द कमी करा. दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. ओळ तोडताना 'लागत' वर आणि 'नाही' खाली असं करू नका. वाचणाऱ्याला क्षणभर उलटाच अर्थ लागतो.

छापील सबटायटलमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची: पहिली वेलांटी जागेवर आहे का? 'विणकर' मधली वेलांटी व च्या नंतर गेली किंवा जोडाक्षर पाय मोडून सुटं दिसलं, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या अक्षर मांडणाऱ्या इंजिनाचा. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये `South Asian and Middle Eastern` हे इंजिन निवडावं लागतं. एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्येच पाहा, एडिटच्या खिडकीत पाहून समाधान मानू नका.

आता माझी फजिती. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही एसआरटी मी टाइमलाइनवरून काढल्या आणि पाठवल्या. संस्थेच्या मुलाने यूट्यूबवर चढवल्या. संध्याकाळी त्याचा मेसेज, "दादा, सबटायटल चालू केलं तरी काहीच दिसत नाही." फाइल उघडली तर मजकूर अगदी नीट. अर्धा तास डोकं खाजवल्यावर पहिली ओळ नीट वाचली: `01:00:04,200`. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळातच एक तासापासून सुरू होते, आणि तो तास सबटायटलच्या वेळेतही उतरला होता. पावणेचार मिनिटांच्या फिल्मला पहिलं सबटायटल एका तासाने येणार होतं. उपाय सोपा आहे: टाइमलाइनची सुरुवात `00:00:00:00` करून पुन्हा काढा. तेव्हापासून एसआरटी पाठवण्याआधी मी तिचा पहिला आणि शेवटचा आकडा वाचतो. पहिला फिल्मच्या सुरुवातीशी जुळला पाहिजे, शेवटचा फिल्मच्या लांबीच्या आत. सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे हळूहळू सरकत जातं, असं असेल तर फ्रेमच्या वेगात फरक आहे. तेव्हा हाताने एकेक ओळ सरकवत बसू नका, कुठली फाइल चुकीच्या वेगाने निघाली ते शोधा.

नावात भाषा लिहा: मराठीला `mr`, इंग्रजीला `en`. यूट्यूबवर चढवताना `With timing` निवडायचं, हेही क्लायंटला लिहून द्या.

सोर्स: काय द्यायचं, किती द्यायचं

यावरून भांडणं होतात, म्हणून आधी हक्काचं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती करून घेणारा असतो, वेगळा करार झाला नसेल तर. म्हणजे तयार फिल्म संस्थेची. पण तुमची प्रोजेक्ट फाइल, टाइमलाइन, रंगांची मांडणी द्यायची की नाही, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं बरं. मी सोर्सची किंमत वेगळी लावतो आणि तसं सुरुवातीलाच सांगतो. शेवटी सांगितलं की ती खंडणी वाटते.

द्यायचं ठरलं तर नीट द्या. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत, आणि नवे लोक नेमका चुकीचा घेतात. `Export Project` केलं की `.drp` फाइल मिळते. ती हलकी असते, कारण तिच्यात फक्त कापाकापीची नोंद असते, फुटेज नसतं. दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळीकडे लाल 'मीडिया ऑफलाइन'. `Export Project Archive` केलं की `.dra` नावाचं फोल्डर तयार होतं, त्यात फुटेजही येतं. सोर्स म्हणून हेच द्यायचं. प्रीमियरमध्ये हेच काम प्रोजेक्ट मॅनेजर करतो.

आर्काइव्ह करण्याआधी मीडिया पूल झाडून घ्या, कारण त्यात पडलेलं सगळं सोबत जातं, वापरलेलं असो वा नसो. आमचं शूटिंग तीन तासांचं होतं. १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी, म्हणजे १३५ जीबी. संस्थेला सगळ्या मुलाखती हव्या होत्या म्हणून ठेवल्या, पण चाचणीचे शॉट आणि दुसऱ्याच कामाची चुकून आलेली दोन लग्नं काढली. ती तशीच गेली असती तर काय झालं असतं, हा विचारही नको.

आर्काइव्हमध्ये न येणाऱ्या दोन गोष्टी: फॉन्ट आणि परवाने. मी नावांसाठी मुक्त फॉन्ट वापरला होता. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने बिनदिक्कत सोबत देता आला. विकत घेतलेला फॉन्ट तसा वाटता येत नाही, त्याचं फक्त नाव लिहून द्यायचं. संगीताच्या परवान्याची पावती मात्र नक्की द्या. यूट्यूबवर संगीताचा दावा आला की संस्थेला तीच दाखवावी लागते, आणि तुमचा जुना ईमेल तेव्हा तुम्हालाच सापडत नसतो.

मग आर्काइव्ह परत उघडून पाहा. दुसऱ्या मशीनवर, किंवा निदान मूळ ड्राइव्ह काढून ठेवून. मूळ ड्राइव्ह लागलेलाच असेल तर सॉफ्टवेअर गुपचूप तिथूनच फुटेज उचलू शकतं आणि कमतरता कळत नाही.

बांधाबांध

फोल्डर असे केले:

```
Paithani_Handover/
  00_READ_FIRST.txt
  01_Master/
  02_Online/
  03_TV/
  04_Captions/
  05_Source/
```

नावं अशी: `Paithani_YT_1080p25_v4.mp4`, `Paithani_YT_v4.mr.srt`. नावात 'फायनल' शब्द वापरत नाही. आवृत्तीचा आकडा कधी खोटं बोलत नाही, 'फायनल' बोलतो.

प्रत्येक एक्सपोर्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हेडफोन लावून, पुढे न ढकलता पाहायची. पाच फाइलींना साधारण अठरा मिनिटं लागतात. पाहायचं काय? शेवटची पाटी अर्ध्यात तुटली नाही ना, बोलणं फक्त डाव्या कानात येत नाही ना, मध्येच एखादी काळी फ्रेम चमकत नाही ना. आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, ते मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये किंवा ffprobe च्या आज्ञेने असे पाहता येतात:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate -of default=nw=1 Paithani_YT_1080p25_v4.mp4
```

`r_frame_rate=25/1` दिसलं की जीव भांड्यात.

ड्राइव्हवर कॉपी झाल्यावर मास्टरचा ठसा, म्हणजे फाइलवरून निघणारा लांबलचक आकडा, जुळवा. मॅकवर पहिली आज्ञा, विंडोजवर दुसरी:

```
shasum -a 256 Paithani_Master_v4.mov
certutil -hashfile Paithani_Master_v4.mov SHA256
```

तुमच्याकडच्या फाइलचा आणि ड्राइव्हवरच्या फाइलचा आकडा तोच आला तर कॉपी धडधाकट. तो `READ_FIRST` मध्येही लिहून ठेवा.

लिंकने पाठवत असाल तर 'डाउनलोड करून पाहा' असं ठळक लिहा. गूगल ड्राइव्हच्या लिंकवर ब्राउझरमध्येच फिल्म लावली की दाबलेली प्रत दिसते, आणि तुम्हाला फोन येतो, "धूसर आलीय." व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून, व्हिडिओ म्हणून नाही.

सोबत द्यायची यादी

मी हे एका पानावर छापून ड्राइव्हसोबत देतो, आणि फाइलींसमोर बसून सचिवांसोबत खुणा करतो:

- मास्टर, अक्षरांसह आणि अक्षरांविना: दोन्ही उघडून पाहिल्या
- बोलणं, संगीत, आजूबाजूचा आवाज: तीन फाइली
- यूट्यूब, इंस्टाग्राम, टीव्ही: प्रत्येकी एक. टीव्हीची फाइल हॉलच्याच टीव्हीवर लावून पाहिली
- सबटायटल मराठी आणि इंग्रजी: पहिली आणि शेवटची वेळ तपासली, नावांचं शुद्धलेखन संस्थेने तपासलं
- प्रोजेक्ट आर्काइव्ह: कुठल्या आवृत्तीत केलं ते लिहिलं
- संगीताची पावती, फॉन्टची नावं
- माझ्याकडची प्रत कुठल्या तारखेपर्यंत राहील

आवृत्तीचा आकडा लिहायचं कारण, नव्या रिझॉल्व्हमध्ये केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. शेवटच्या ओळीवर मी ९० दिवस लिहितो आणि खाली त्यांची सही घेतो. त्यानंतर फाइल सापडली तर देतो, पण शब्द देत नाही. ड्राइव्हही दोन द्यायला सांगतो. एक कार्यालयात, एक कुणाच्या तरी घरी.

येवल्यात हॉलच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावला तेव्हा फिल्म सुरू झाली, सबटायटल आली, आणि एका आजींच्या नावात 'ताई' ऐवजी 'बाई' छापलेलं निघालं. यादीतल्या चौथ्या ओळीवर खूण झालेली होती. सचिवांनीच केलेली. अक्षरांविनाची मास्टर जवळ होती म्हणून लॅपटॉपवर नाव दुरुस्त करून वीस मिनिटांत नवी टीव्ही फाइल काढली, आणि नावात `v5` लिहिलं.